पगार पटला, पद नाही: ऑफर हातात असताना वरचं डेसिग्नेशन मेलवर कसं मागायचं

प्रश्न: मेकॅनिकल इंजिनिअर आहे, ९ वर्षं अनुभव. चाकणला एका टिअर-१ कंपनीत ३ वर्षं असिस्टंट मॅनेजर, सप्लायर क्वालिटी. आता रांजणगावच्या एका मल्टिनॅशनलची ऑफर आलीय, सीटीसी १३.२ वरून १६.८ लाख, पगाराबद्दल तक्रार नाही. पण लेटरमध्ये पद परत असिस्टंट मॅनेजरच. जाहिरातीत 'असिस्टंट मॅनेजर / डेप्युटी मॅनेजर' होतं आणि इंटरव्ह्यूत ३ इंजिनिअर माझ्या हाताखाली असतील असं सांगितलेलं. रिक्रूटर मॅडम फोनवर म्हणाल्या आधी जॉइन व्हा, मग बघू. ॲक्सेप्ट करायला ५ दिवस आहेत. डेप्युटी मॅनेजर मागायचं तर मेलमध्ये काय लिहू? ऑफर जाईल का?

उत्तर:

मागा. ॲक्सेप्ट करायच्या आधी मागा, मेलवर मागा आणि एकाच मेलमध्ये सगळं मागा. ऑफर जाण्याचं म्हणाल तर मी या चाकण-रांजणगाव पट्ट्यातच प्लँट एचआरमध्ये भरतीचं काम करत आलेय, आणि एका नीट लिहिलेल्या मेलमुळे ऑफर काढून घेतल्याचं माझ्या बघण्यात नाही. ऑफर जाते ती वेगळ्या कारणाने. पगार ठरतो, दोन दिवसांनी कॅंडिडेट जॉइनिंग बोनस काढतो, तो मिळाला की डेसिग्नेशन, मग शनिवारच्या सुट्टीचं काय, मग बसचा रूट, आणि चौथ्या फोनला हायरिंग मॅनेजर वैतागून म्हणतो की हा माणूस आत येऊन काय करणार आहे कळलं, दुसऱ्या नंबरवाल्याला फोन लावा. तुमचं तसं नाहीये, तुमचा मुद्दा एकच आहे आणि तो जाहिरातीतच होता.

आता मेल लिहायच्या आधी आत काय झालं असेल ते समजून घ्या, कारण त्यावरच मेलमधली वाक्यं ठरतात. प्लँटमध्ये माणूस घ्यायचा तर डिपार्टमेंट आधी मॅनपॉवर रिक्विझिशन फॉर्म भरतं, आम्ही त्याला एमआरएफ म्हणतो, त्यावर पद, ग्रेड आणि बजेट असतं आणि प्लँट हेड, फायनान्स वगैरे सगळ्यांच्या सह्या झालेल्या असतात. जाहिरातीत दोन पदं तिरकी रेघ मारून लिहिली असतात तेव्हा साधारण अर्थ असा की दोन्ही ग्रेड चालतील, माणूस बघून ठरवू. मग तुम्ही सिलेक्ट झालात की एक फिटमेंट शीट बनते. त्यात तुमचा एकूण अनुभव, सध्याचं पद, सध्याची सीटीसी, अपेक्षित सीटीसी आणि शेजारच्या रकान्यात त्या डिपार्टमेंटमधले आधीचे लोक, त्यांचा अनुभव आणि ग्रेड. यालाच इंटर्नल पॅरिटी म्हणतात आणि खरं सांगू, निम्मी डेसिग्नेशनं त्या शेजारच्या रकान्यातच अडकतात.

तुमच्या शीटवर कुणीतरी बघितलं असणार की माणूस सध्या असिस्टंट मॅनेजर आहे, पगार २७ टक्के वाढतोय, मग पद तेच ठेवू, खूश होईल. यात कुणाचा दुष्टावा नाही, सगळ्यात कमी डोकं लावून होणारं फिटमेंट ते हेच. म्हणजे तुम्हाला मेलमधून फिटमेंट परत उघडायला लावायचंय. आणि ते उघडणार कोण, तर रिक्रूटर नाही. तिच्या हातात ते नसतंच, म्हणून तर ती 'जॉइन व्हा मग बघू' म्हणते. सप्लायर क्वालिटीचा हेड शिफारस करणार, कॉम्पेन्सेशन बघणारा माणूस किंवा एचआर हेड पॅरिटी तपासणार, आणि ग्रेड बदलत असेल तर वरची एक मंजुरी लागणार. यातल्या दोघांनी तुमचं तोंडही बघितलेलं नाही. तुमचा मेल रिक्रूटर त्यांना जसाच्या तसा फॉरवर्ड करणार, वरती फक्त 'प्लीज ॲडव्हाइज' असं लिहून. त्यामुळे ज्याने तुम्हाला कधी बघितलं नाही अशा माणसाला एका मिनिटात पटेल असा मेल पाहिजे. लोक रिक्रूटरला खूश करणारे लांबलचक मेल लिहितात, तुमच्या कंपनीचा किती आदर आहे वगैरे, ते वरचा माणूस वाचतच नाही.

अजून एक गोष्ट आधी क्लिअर करा, ती म्हणजे तुम्हाला नेमकं काय पाहिजे. पद आणि ग्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पद म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर आणि रिलीव्हिंग लेटरवर येतं ते. ग्रेड म्हणजे सिस्टिममधला कोड, एम१, एम२, ७अ, जे काय त्या कंपनीत असेल ते, आणि पगाराची रेंज, व्हेरिएबलचा टक्का, मेडिक्लेमची रक्कम, नोटीस पीरियड, प्रवासाची पात्रता, कार स्कीम हे सगळं ग्रेडला लटकलेलं असतं. काही कंपन्यांत पद आणि ग्रेड घट्ट जोडलेले असतात, डेप्युटी मॅनेजर म्हणजे अमुकच ग्रेड. काहींमध्ये ते सुटे असतात, म्हणजे Workday सारख्या सिस्टिममध्ये Job Profile वेगळं आणि Business Title वेगळं असं असतं, तिथे ग्रेड तीच ठेवून कार्डावरचं नाव बदलता येतं. मल्टिनॅशनलमध्ये हा दुसरा प्रकार बऱ्यापैकी दिसतो. तुमच्या लेटरमध्ये पदाच्या खाली ग्रेड किंवा लेव्हल म्हणून काही लिहिलंय का ते बघा, नसेल तर रिक्रूटरला फोन करून एवढंच विचारा की मॅडम, ही पोझिशन कुठल्या ग्रेडमध्ये आहे आणि डेप्युटी मॅनेजर कुठल्या ग्रेडला येतो. हे सांगायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. पगाराची रेंज विचारली तर टाळतील, तरी विचारून बघा.

आणि हो, मागणी रास्त आहे का हेही एकदा तपासा. आपल्या ऑटो इंडस्ट्रीत कंपनी जितकी लहान तितकी पदं मोठी. टिअर-२ मध्ये ६ वर्षांचा मुलगा मॅनेजर असतो आणि गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत १० वर्षांचा माणूस असिस्टंट मॅनेजर असतो, आणि मार्केटमध्ये सगळ्यांना हे माहीत असतं, तिथे एक पायरी खाली उतरून जाण्यात कुणी काही कमीपणा मानत नाही. तुमचं मात्र टिअर-१ मधून मल्टिनॅशनल टिअर-१ मध्ये, जवळपास बरोबरीचं आहे. LinkedIn वर त्या प्लँटमधले सप्लायर क्वालिटीवाले काढा, ८ ते ११ वर्षं अनुभव असलेले कुठल्या पदावर आहेत बघा. बहुतेक सगळे असिस्टंट मॅनेजर असतील तर ग्रेड मिळण्याची शक्यता कमी धरा, दोन-तीन जरी डेप्युटी मॅनेजर दिसले तरी रस्ता आहे. फक्त एक करा, त्यांचं नाव मेलमध्ये कधीही घेऊ नका. 'तुमच्याकडे अमुक तमुक ९ वर्षांत डेप्युटी मॅनेजर आहेत' असं लिहिलेला मेल मी वाचलाय, त्या अमुक तमुकला बोलावून विचारलं गेलं की तू बाहेर काय काय सांगतोस, आणि नंतर ज्याच्याशी रोज काम करायचं त्याच्याच मनात अढी बसली.

ज्यांना परदेशाचा विचार आहे त्यांच्यासाठी एक आडवं वाक्य टाकते. कॅनडाच्या पीआरला वगैरे नुसतं पदनाव चालत नाही, तिथे एक्स्पीरियन्स लेटरमधली कामं बघतात. तेवढ्याच कारणासाठी कुणी पद मागत असेल तर नको मागू, जॉब डिस्क्रिप्शन नीट लिहून घे. पण इथेच पुढची नोकरी बघायची असेल तर पद लागतं, कारण रिक्रूटर पोर्टलवर डेसिग्नेशन टाकूनच सर्च करतो आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला रिलीव्हिंग लेटरवरचंच पद धरतात, तुम्ही सीव्हीत काय लिहिलंय ते नाही.

आता 'जॉइन व्हा मग बघू' याची किंमत मोजू, कारण इथे बहुतेक लोक फसतात. बऱ्याच कंपन्यांत प्रमोशनसाठी त्या ग्रेडमध्ये किमान २ अप्रेझल सायकल पूर्ण लागतात, आणि एप्रिल ते मार्च सायकल असेल तर वर्षाच्या मध्यात एक कट-ऑफ तारीख असते, त्यानंतर आलेल्यांचं ते वर्ष मोजत नाहीत. समजा कट-ऑफ ३० सप्टेंबर आहे आणि तुमचा नोटीस पीरियड संपून तुम्ही ऑक्टोबरमध्ये जॉइन झालात. पहिले ६ महिने गेले पाण्यात, मग दोन पूर्ण वर्षं, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर अडीच वर्षांनी डेप्युटी मॅनेजर. आधीची ३ धरली तर एकाच पदावर साडेपाच वर्षं. रिक्रूटर खोटं बोलत नाहीये, तिला कदाचित माहीतही नसेल, कारण प्रमोशन तिचं खातं नाही, आणि 'मग' बघायची वेळ येईपर्यंत ती स्वतः दुसऱ्या कंपनीत गेलेली असते.

उलट बाजूही बघा. सीटीसी तेवढीच ठेवून ग्रेड वर गेली तर हातात येणारा पगार कमी होऊ शकतो. वरच्या ग्रेडला व्हेरिएबलचा टक्का जास्त असतो. समजा असिस्टंट मॅनेजरला १० टक्के आहे, म्हणजे १६.८ लाखांत १ लाख ६८ हजार व्हेरिएबल आणि १५ लाख १२ हजार फिक्स्ड. डेप्युटी मॅनेजरला १५ टक्के असेल तर व्हेरिएबल २ लाख ५२ हजार आणि फिक्स्ड १४ लाख २८ हजार. फरक ८४ हजार, महिन्याला ७ हजार, आणि ते कंपनीचा आणि तुमचा परफॉर्मन्स कसा राहतो त्यावर वर्षाच्या शेवटी मिळणार किंवा अर्धवट मिळणार. घराचा हप्ता चालू असेल तर हा फरक जाणवतो. टक्के मी उदाहरणाला घेतलेत, तुमच्या कंपनीचे विचारून घ्या. नोटीस पीरियडही काही ठिकाणी वरच्या ग्रेडला २ चा ३ महिने होतो. यामुळे मागू नका असं म्हणत नाही, पण सुधारित ब्रेकअप त्याच मेलमध्ये मागा, म्हणजे नंतर धक्का नको.

मेल पाठवायच्या आधी रिक्रूटरला एक फोन करा, पाच मिनिटांचा. वाद घालायला नाही, फक्त सांगायला की पदाबद्दल एक विनंती मेल करतोय, पुढे पाठवायला तुम्हाला त्यात काय काय लागेल. ती जे सांगेल तेच मेलमध्ये टाका. आणि तिलाच विचारा की मी डिपार्टमेंट हेडशी या विषयावर बोललो तर चालेल का. ती सहसा हो म्हणते, कारण तिचं काम हलकं होतं. हेडला न विचारता सीसीत टाकू नका, रिक्रूटरला वाटतं माझ्या डोक्यावरून गेला आणि मग ती फाइल तिच्या टेबलावर तीन दिवस शांत पडून राहते. हेडला फोनवर एवढंच की सर, काम तुम्ही सांगितलंत तेच मला आवडलंय, लेटरमध्ये पद असिस्टंट मॅनेजर आलंय, मी एचआरला विनंती केलीय, तुमच्याकडे आली तर तुमचं मत द्याल का. तो हो म्हणाला तर अर्धं काम झालं.

मेल तुम्ही इंग्रजीतच पाठवाल, मी मजकूर मराठीत देते, तसाच वळवून घ्या. सप्लायरची संख्या, सध्याचे २ इंजिनिअर, पीपीएपीची सही आणि पीपीएमचे आकडे मी मनाने टाकलेत, तुमचे खरे टाका आणि जे आधी इंटरव्ह्यूत सांगितलेत तेच टाका, वेगळे नको.

विषय: ऑफर लेटर, सप्लायर क्वालिटी, रांजणगाव – पद आणि ग्रेडबद्दल विनंती

नमस्कार मॅडम,

ऑफर लेटर मिळालं, धन्यवाद. एकूण सीटीसी, लोकेशन आणि जॉइनिंगची तारीख मला मान्य आहे. फक्त एका मुद्द्याचा फेरविचार व्हावा ही विनंती: पद आणि ग्रेड असिस्टंट मॅनेजरऐवजी डेप्युटी मॅनेजर, सप्लायर क्वालिटी अशी असावी.

या पोझिशनच्या जाहिरातीत असिस्टंट मॅनेजर / डेप्युटी मॅनेजर अशा दोन्ही पातळ्या होत्या. दुसऱ्या राउंडमध्ये सांगितल्याप्रमाणे ३ इंजिनिअर मला रिपोर्ट करतील आणि कास्टिंग व मशिनिंगचे साधारण ४५ सप्लायर माझ्याकडे असतील. सध्याच्या कंपनीत मी असिस्टंट मॅनेजर म्हणून ३ वर्षं पूर्ण केली आहेत, २ इंजिनिअर आणि ३८ सप्लायर सांभाळतो, नवीन पार्टचं पीपीएपी मंजूर करण्याची सही माझी असते, आणि या काळात माझ्याकडच्या कास्टिंग सप्लायरचं रिजेक्शन १,४०० पीपीएमवरून ६०० पर्यंत खाली आलं. नवीन जबाबदारी यापेक्षा मोठी आहे म्हणून ही विनंती.

ग्रेड बदलल्यामुळे फिक्स्ड आणि व्हेरिएबलची विभागणी, नोटीस पीरियड किंवा इतर अटी बदलणार असतील तर कृपया सुधारित ब्रेकअप पाठवावा. मंजुरीला लागणारा वेळ लक्षात घेऊन ऑफर स्वीकारण्याची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत वाढवून मिळावी. सुधारित लेटर आलं की त्याच दिवशी स्वीकारून मी इथे राजीनामा देईन.

बोलायचं असल्यास मी रोज संध्याकाळी ६ नंतर उपलब्ध आहे.

एवढंच. आता यातल्या दोन-तीन वाक्यांबद्दल बोलते, कारण ती मुद्दाम तशी आहेत.

'एकूण सीटीसी मान्य आहे' हे पहिल्याच परिच्छेदात आहे, कारण कॉम्पेन्सेशनवाला मेल उघडतो तेव्हा त्याला वाटत असतं आता अजून पैसे मागणार, ती भीती आधी काढायची. तुमच्याकडची सगळ्यात भक्कम गोष्ट हीच आहे, तुम्ही मागताय त्याला बजेट लागत नाही. पण 'मला पगार वाढवून नकोच' असं लिहू नका हं. डेप्युटी मॅनेजरच्या ग्रेडची रेंज समजा १७.५ पासून सुरू होत असेल तर १६.८ त्याच्या खाली पडतं. मग कंपनीपुढे दोन रस्ते असतात, रेंजच्या तळाला आणून १७.५ करायचं किंवा बसत नाही म्हणून नाही म्हणायचं. तुम्ही स्वतःच नको लिहिलंत तर पहिला रस्ता तुम्हीच बंद केलात.

कारणांमध्ये 'माझे मित्र सगळे डेप्युटी मॅनेजर झाले', 'घरच्यांना काय सांगू', 'करिअर ग्रोथ दिसली पाहिजे' हे काही नको. हसू नका, लोक लिहितात. ग्रेडची फाइल पुढे सरकते ती तीन गोष्टींवर, हाताखाली किती लोक, कामाचा आवाका किती आणि सध्याच्या पदावर किती वर्षं झाली. वरच्या मेलमध्ये तेवढंच आहे, आणि प्रत्येक गोष्ट त्यांना स्वतः तपासता येते. पीपीएपीची सही हे तर मी आवर्जून घालायला सांगेन, कारण सप्लायर क्वालिटीच्या हेडला त्यातून लगेच कळतं की हा माणूस स्वतःच्या जबाबदारीवर पार्ट पास करतो, कुणाच्या मागे बसून रिपोर्ट भरत नाही.

आणि दुसरी ऑफर आहे असं खोटं लिहू नका. खरी असेल तरी या मेलमध्ये नको, तो पगाराच्या बोलणीतला पत्ता आहे, पदाच्या मागणीत टाकला की धमकी वाटते. 'मिळालं नाही तर येणार नाही' हेही नको आणि 'नाही मिळालं तरी येईनच' हेही नको. ते तुमच्या मनात ठरलेलं असू द्या, मेलमध्ये कशाला.

मेल सोमवार ते बुधवारमध्ये सकाळी जाऊ द्या. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलात तर तुमच्या ५ दिवसांतले दोन शनिवार-रविवारातच गेले. ग्रेड बदलायची मंजुरी साधारण आठवडाभर घेते, प्लँट हेड टूरवर असेल तर जास्त, म्हणून मुदतवाढ त्याच मेलमध्ये मागितलीय. दोन दिवसांत नुसती पोचही आली नाही तर एक फोन करा. मुदत वाढवल्याचा मेल आला नाही तर शेवटच्या दिवसाची वाट न बघता आदल्या दिवशी सकाळी विचारा, कारण ऑनलाइन लिंक असेल तर ती मुदत संपली की आपोआप बंद होते आणि परत उघडायला पुन्हा कुणाची तरी मंजुरी. आणि एक चूक अजिबात करू नका, 'ॲक्सेप्ट करतोय, पण पदाचं तेवढं बघा' असं लिहून ॲक्सेप्टचं बटण दाबू नका. एकदा ॲक्सेप्ट झालं की त्या रिक्रूटरच्या एक्सेलमध्ये तुमची ओळ हिरवी होते आणि तुमच्या विनंतीकडे बघायचं कुणालाच कारण उरत नाही.

उत्तरं साधारण चार प्रकारची येतात. सरळ हो आलं तर उत्तमच, त्यावर नंतर बोलते.

दुसरं उत्तर असं येतं की ग्रेड तीच राहील पण डेसिग्नेशन डेप्युटी मॅनेजर लिहून देतो. यात बाहेरच्या मार्केटसाठी तुमचं काम झालं, कार्डावर, सप्लायरकडे गेल्यावर, रिलीव्हिंग लेटरवर तेच येणार. व्हेरिएबलही वाढत नाही. तोटा एवढाच की आत पुढचं प्रमोशन ग्रेडवर चालतं, म्हणजे तुम्हाला खऱ्या डेप्युटी मॅनेजरच्या ग्रेडमध्ये जायला जेव्हा प्रमोशन मिळेल तेव्हा नाव तेच राहील आणि बाहेरच्याला काही बदललं असं दिसणार नाही. मी तुमच्या जागी असते तर हे घेतलं असतं. फक्त मेलवर विचारून घ्या की रिलीव्हिंग लेटर आणि एक्स्पीरियन्स लेटरवर हेच पद येईल ना, कारण काही कंपन्यांत ती लेटरं ग्रेडच्या मूळ पदावरून निघतात आणि मग सगळ्याच कष्टावर पाणी.

तिसरं, सगळ्यात जास्त येणारं: आत्ता नाही, पण पुढच्या सायकलमध्ये नक्की विचार करू. यावर रागावू नका आणि 'ठीक आहे' म्हणून सोडूनही देऊ नका. इथे तुम्ही अशी गोष्ट मागा जी मागायचं फारसं कुणाला सुचत नाही, आणि कंपनीला द्यायला सोपी असते, ती म्हणजे आधीच्या कंपनीतली असिस्टंट मॅनेजरची ३ वर्षं प्रमोशनच्या पात्रतेसाठी मोजली जावीत. म्हणजे वर जो अडीच वर्षांचा हिशोब केला तो मोडतो, पहिल्याच पूर्ण सायकलला तुमचं नाव यादीत जाऊ शकतं. उत्तरात असं लिहा: 'समजलं, धन्यवाद. तसं असल्यास पुढील बाबी लेटरमध्ये किंवा मेलवर नमूद कराव्यात ही विनंती: सध्याच्या पदावरील माझी ३ वर्षं ग्रेडमधील किमान कालावधीसाठी धरली जातील, आणि पुढील एप्रिलच्या सायकलमध्ये डेप्युटी मॅनेजर पदासाठी माझा विचार होईल, त्यासाठीचे निकष जॉइनिंगनंतर पहिल्या महिन्यात डिपार्टमेंट हेड ठरवतील.' प्रमोशनची हमी मागू नका, ती लेखी कुणीच देत नाही, देऊ शकतही नाही. विचार होईल, एवढं देतात. लेटरमध्ये घालायला तयार नसतील तर एचआर हेड किंवा डिपार्टमेंट हेडच्या कंपनीच्या मेल आयडीवरून आलेलं एक वाक्य पुरतं. व्हॉट्सॲपवरचं नको. आणि तो मेल स्वतःच्या पर्सनल मेलवर आलेला असतो म्हणून बरं, जपून ठेवा, वर्षाने बॉस बदललेला असेल तेव्हा तेवढाच कागद असतो.

चौथं, स्पष्ट नाही. तेव्हा इंटरव्ह्यूतलं काम आठवा. ३ इंजिनिअर खरंच तुम्हाला रिपोर्ट करणार आहेत का, की ते थेट हेडला रिपोर्ट करणार आणि तुम्ही नुसते 'को-ऑर्डिनेट' करणार, हे विचारा, ऑर्ग चार्टमध्ये माझी जागा कुठे असेल असं सरळ. एक सांगते, त्या ३ पैकी एक जरी आधीपासून असिस्टंट मॅनेजर असेल तर तुम्ही त्याच पदावरून त्याचं अप्रेझल लिहिणार ही पहिल्या दिवसापासूनची डोकेदुखी आहे. आणि तसं असेल तर तोच तुमचा सगळ्यात भारी मुद्दा होता, हेडला फोन करून तेवढा एक सांगा, तो स्वतः एचआरकडे जाईल. बाकी सगळं ठीक असेल, कंपनी मोठी असेल, काम वाढत असेल, तर १६.८ आणि २७ टक्के हातचे घालवू नका, पुढच्या वेळी पद मागायला ते काम सीव्हीत येईलच. पण काम पण तेच, पद पण तेच आणि फक्त पगार जास्त असं दिसलं तर मी दोनदा विचार करेन, ९ वर्षांच्या माणसाला पगार तर दुसरीकडेही मिळतो.

आणि कुठलंही उत्तर आलं तरी राजीनामा सुधारित लेटर हातात आल्यावरच. 'अप्रूव्ह झालंय, लेटर उद्या निघेल, तुम्ही पेपर टाकून द्या' असं फोनवर सांगतात, त्यांचीही जॉइनिंगची टार्गेटं असतात, पण तुमची नोटीस सुरू झाली की तुमची मागायची बाजू संपली.

सुधारित लेटर आलं की पहिल्या पानावरचं पद बघून खूश होऊन थांबू नका, खाली ग्रेड बदललीय का बघा, सीटीसीच्या ॲनेक्श्चरच्या डोक्यावर पद वेगळं लिहिलेलं असतं तेही बघा, बऱ्याचदा पहिलं पान बदलतात आणि ॲनेक्श्चर जुनंच जोडतात. जुनी ऑफर या लेटरने रद्द होते अशी ओळ असेल तर छान, नसेल तर कुठली तारीख धरायची ते मेलवर विचारा. मग जॉइनिंगच्या दिवशी अपॉइंटमेंट लेटर सही करायला देतात, ते सिस्टिममधून निघतं आणि एमआरएफवर जे पद होतं तेच त्यात येण्याची शक्यता असते, कारण ऑफर लेटर हाताने दुरुस्त केलेलं असतं पण सिस्टिममध्ये कुणी बदललेलं नसतं. त्या दिवशी वीस फॉर्म भरायचे असतात, पीएफचा, मेडिक्लेमचा, बँकेचा, सेफ्टी ट्रेनिंगला हाक मारत असतात, त्या गडबडीत सही होऊन जाते. ऑफर लेटरची प्रिंट सोबत ठेवा, पद आणि ग्रेड जुळत नसेल तर बाकीचे फॉर्म भरा आणि ते एक तेवढं बाजूला ठेवून सांगा की दुरुस्त करून आणा, सही करतो. दोन-तीन दिवसांत येतं. आयकार्डवरचं पद बरोबर आहे का तेही तेव्हाच बघून घ्या.